बस म्हणजे बस, चल म्हणजे काहीही

कुत्रा-मांजर सांभाळायला माणूस मिळत नाही अशी लोकांची तक्रार असते. आम्हाला मिळाली. चांगली मैत्रीण, प्राण्यांची हौस असलेली, आठवडाभर आमच्याच घरात येऊन राहायला तयार. फक्त तिला मराठी येत नाही, आणि आमच्या सोन्याला मराठीशिवाय काही कळत नाही असा घरातल्यांचा ठाम समज आहे. तिने आपला साधा मेसेज टाकला, त्याला कुठल्या कमांड येतात तेवढ्या अर्थासकट लिहून पाठव, मी पाठ करून येते. यात काय अवघड आहे, म्हणून मी रात्री जेवणं झाल्यावर वही-पेन घेऊन बसले आणि मध्यरात्र व्हायला आली तरी घरात भांडण चालू होतं.

पहिलाच शब्द "बस". मी लिहिला आणि नवरा म्हणाला, छे, बसला कुठे बसतो तो, त्याला "सिट" लागतं. चिरंजीव म्हणाले बाबा तुम्हाला माहीत नाही, "सिट डाऊन" म्हणायचं असतं, नुसतं सिट म्हटलं तर तो फक्त बघतो. सासूबाई आतून म्हणाल्या, "मी तर नुसतं 'बसतोस का आता' म्हटलं तरी बसतो हो, गुणाचा आहे तो." आणि मी स्वतः काय म्हणते याचा विचार केला तर मी म्हणते "सोन्या बस, बस, बस म्हणते ना, अरे बस की", आणि तो शेवटच्या "की" ला बसतो. म्हणजे माझ्या बाजूने कमांड "बस" नाहीच, "बसबसबसम्हणतेनाअरेबसकी" हा एक सलग शब्द आहे आणि तो परदेशी पाहुण्याच्या तोंडी कसा बसवायचा हा वेगळाच प्रश्न.

हे सगळ्यांच्या घरात असतं बरं का, फक्त लिहायला बसेपर्यंत दिसत नाही. एकदा म्हटल्यावर बसला नाही की आपण दुसऱ्यांदा म्हणतो, मग तिसऱ्यांदा, आणि कुत्रा हिशोबाला पक्का असतो, पहिल्या दोन वेळा काही होत नाही हे त्याला आपल्या आधी कळतं. त्यामुळे नियम असा की शब्द एकदाच म्हणायचा आणि मग गप्प राहून वाट बघायची. गप्प राहणं आमच्या घरात कुणालाच जमत नाही ते सोडा.

मग नवऱ्याने टेस्ट काढली. तो ऑफिसात काय करतो मला नीट माहीत नाही पण टेस्ट काढायला त्याला फार आवडतं. म्हणाला, हात पाठीमागे बांध, ताठ उभी राहा, चेहरा कोरा ठेव, आणि शांतपणे एकदाच "बस" म्हण. मी म्हटलं. सोन्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पाठीमागे जाऊन हात तिथे काय करतायत ते बघून आला, परत समोर उभा राहिला आणि शेपूट हलवायला लागला. बसला नाही. मग नवऱ्याने तोंडातून एक अक्षर न काढता उजवा हात कोपरातून वर घेतला, तळवा आकाशाकडे, आणि सोन्या धप्पकन बसला. मग त्याने हात वर घेत "वांगं" म्हटलं. बसला. "इन्कम टॅक्स" म्हटलं. बसला. चिरंजीव हसून हसून लोळले आणि सासूबाईंचा चेहरा पडला, कारण "बसतोस का आता" म्हणताना त्यासुद्धा हात वर घेतात, आपण "काय रे हे" म्हणताना घेतो तसाच.

याचं कारण अगदी साधं आहे. पिल्लू असताना बसायला शिकवलं ते खाऊ दाखवून. खाऊ नाकाच्या जरा वर धरायचा आणि हळूहळू डोक्याच्या मागच्या बाजूला न्यायचा, पिल्लाचं नाक वर जातं तसं मागचं बूड आपोआप खाली टेकतं, टेकलं की खाऊ द्यायचा. पुढे खाऊ हातात राहत नाही पण हात तसाच वर जात राहतो, आणि कुत्र्याने पहिल्या दिवसापासून पाहिलेली गोष्ट म्हणजे तो हात. शब्द आपण नंतर वरून चिकटवलेला असतो, तोही हात हलवता हलवता, म्हणजे कुत्र्याच्या दृष्टीने शब्द ही हात हलताना होणारी बडबड. शब्द खरंच शिकवायचा असेल तर आधी शब्द म्हणायचा, क्षणभर थांबायचं, आणि मग हात. या क्रमाने बरेच दिवस केलं की कुत्रा हाताची वाट न बघता शब्दावर बसायला लागतो, कारण शब्द आला की हात येणार हे त्याला ओळखता येतं. दोन्ही एकदम केलं तर हात जिंकतो आणि शब्द हरतो.

यावर नवऱ्याने लगेच बर्लिनच्या घोड्याची गोष्ट ऐकवली, ती तो लग्न झाल्यापासून ऐकवतोय पण या वेळी पहिल्यांदाच ती विषयाला धरून होती. हान्स नावाचा घोडा, मालक फॉन ऑस्टेन म्हणून एक गृहस्थ, आणि घोडा म्हणे बेरजा-वजाबाक्या करायचा, उत्तर जेवढं तेवढ्या वेळा खूर आपटायचा. 1904 साली तपासायला मोठी समिती नेमली, तिला कुठे लबाडी सापडली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने नीट प्रयोग करून 1907 मध्ये दाखवून दिलं की उत्तर विचारणाऱ्यालाच माहीत नसेल तर घोड्यालाही येत नाही. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं किंचित हलायचं, अंग सैल पडायचं, ते त्याला स्वतःलाही कळायचं नाही, पण घोडा तेवढं बघून खूर थांबवायचा. गोष्ट सांगून झाल्यावर नवरा सोन्याकडे अशा नजरेने बघत होता की जणू आपल्या घरात गणितज्ञ सापडलाय.

तर आता यादीचं स्वरूपच बदललं. शब्द आणि अर्थ असे दोन रकाने मी आखले होते, अर्थाचा रकाना खोडून टाकला. कुत्र्याला अर्थाशी काय घेणं. त्याच्या जागी लिहिलं: आवाज कसा, हात कुठे, तो काय करतो, आणि केल्यावर लगेच त्याला काय मिळतं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा कारण पाहुणी नवीन, तिचा धाक नाही, तिच्यावर प्रेमही अजून नाही, तिच्याकडे भांडवल एकच, खाऊ.

पण म्हणून शब्दाला अजिबात किंमत नाही असंही नाही हं. बुडापेस्टच्या संशोधकांनी 2016 साली कुत्र्यांना एमआरआय मशीनमध्ये हलू नका म्हणून शिकवून झोपवलं (हे वाचल्यापासून मला त्या संशोधकांबद्दल प्रचंड आदर आहे, आमचा साधं नखं कापताना झोपत नाही) आणि त्यांना कौतुकाचे शब्द आणि कौतुकाशी संबंध नसलेले साधे शब्द ऐकवले, कधी कौतुकाच्या सुरात तर कधी कोरड्या सुरात. मेंदूतला बक्षिसाचा भाग जोरात उजळला तो शब्दही कौतुकाचा आणि सूरही कौतुकाचा असेल तेव्हाच. म्हणजे शाब्बास हे रेल्वेच्या घोषणेसारखं म्हटलं तर फुकट, आणि लाडात येऊन भलतंच काही म्हटलं तरी अर्धवटच.

आता खरा राडा "चल" या शब्दावर झाला. मी आपलं भाबडेपणाने लिहिलं, चल म्हणजे फिरायला जाऊ या. लिहिता लिहिता लक्षात आलं की सोफ्यावरून उठवतानाही आम्ही "चल चल" म्हणतो, स्वयंपाकघरातून हाकलतानाही "चल बाहेर", रस्त्यात काही हुंगत थांबला की "चल रे", मुलाने थाप मारली की "चल!", आणि फोन ठेवताना "चल, ठेवते". फोन ठेवतानाच्या "चल"ला सोन्या दाराशी जाऊन उभा राहतो. सासूबाईंना दिवसातून बऱ्याच मैत्रिणींचे फोन येतात त्यामुळे बिचारा दिवसभर दाराशी जाऊन परत येत असतो. आम्हाला वाटायचं त्याला सारखं बाहेर जायचं असतं. त्याला काही जायचं-बियचं नसतं, त्याला आपण बोलावतोय असं वाटतं. "बस"चं तेच, एकजण "बस झालं", दुसरा "बस कर", तिसरा भाजी वाढताना "बस बस बस". इतक्या वेळा हा शब्द नुसता हवेत जातो की कुत्रा तो ऐकणं सोडून देतो, आपण चालू टीव्हीकडे दुर्लक्ष करतो तसं. आणि "खाली"! "सोन्या खाली" म्हणजे सोफ्यावरून उतर, आणि "खाली बस" म्हणजे पोट टेकून बस, आणि हे दोन्ही आम्ही त्याला सोफ्यावर असतानाच सांगतो, तर तो सोफ्यावरच पोट टेकून पसरतो आणि आम्ही म्हणतो हट्टी आहे. तो हट्टी नाही, त्याने दोनातला सोयीचा अर्थ घेतला, कुणीही घेईल.

शेवटी ठरलं, पाहुणीला "चल" द्यायचंच नाही. "खाली"ही नाही. सोफ्यावरून उतरायला "उतर", पोट टेकायला "झोप", फिरायला जायचं असेल तर काही बोलायचीच गरज नाही, पट्टा हातात घ्यायचा, साखळीचा आवाज हा त्याच्या आयुष्यातला सगळ्यात स्पष्ट शब्द आहे. यादी छोटी. एका नव्या माणसाला आठवडाभरासाठी मोजकेच शब्द पुरतात, बाकीची कामं पट्ट्याने आणि बंद दाराने होतात.

उच्चाराचा मामला मात्र मजेशीर निघाला. पाहुणी इंग्रजी बोलणारी, तर तिला कळेल असं कसं लिहायचं यावर चिरंजीवांनी फार हुशारी दाखवली. "बस" म्हणजे तू जिच्यातून प्रवास करतेस ती बस, तशीच म्हण. "सोड" म्हणजे सोडा पितेस त्यातला शेवटचा आ गिळून टाक. "ये" म्हणजे मॅच जिंकल्यावर तुम्ही ओरडता ते येऽ. हे शेवटचं त्याने गंमत म्हणून लिहिलं पण ते इतकं चपखल बसलं की मी वहीवर स्टार काढला. कारण बोलावताना सूर नेमका तसाच लागतो, आनंदाचा, चढा. आपण मराठी माणसं कुत्र्याला बोलावतो कसं, तर "सोन्याऽऽ, ये इकडे!" असं दटावून, खालच्या पट्टीत, कमरेवर हात ठेवून. कोण येईल? छोटे छोटे, भराभर, चढे आवाज जनावराला हलवतात आणि एकच लांब, खाली उतरणारा आवाज त्याला थांबवतो किंवा शांत करतो, म्हणून तर पळणाऱ्याला आपण "साऽवकाऽऽश" म्हणतो आणि बोलावताना "यू यू यू यू". हे यू यू आपल्या आज्या-पणज्यांना कुठलाही कोर्स न करता माहीत होतं.

आणि आमची अडचण नेमकी "ये"चीच होती. पाहुणीने तो शब्द कितीही गोड म्हटला असता तरी उपयोग नव्हता कारण आमच्या घरात "सोन्या ये" याचा अर्थ गेली काही वर्षं अंघोळ असा आहे. किंवा कानात औषध. किंवा मजा चालू असताना घरी परत. म्हणजे तो शब्द ऐकला की याला माहीत, पुढे काहीतरी वाईट आहे, तो पलंगाखाली. असा नासलेला शब्द दुरुस्त करत बसण्यापेक्षा टाकून नवा घेणं सोपं पडतं. आमच्याकडे वापरात नसलेला, कोरा, कुणी न विटाळलेला शब्द कुठला, यावर बरीच डोकेफोड झाली आणि सासूबाई म्हणाल्या, अगं "यू यू" आहे की. आमच्या सुशिक्षित घरात कुणीच यू यू करत नव्हतं म्हणून तो वाचला होता.

पाहुणी यायला अजून अवकाश होता त्यामुळे यू यूची तयारी करता आली. पद्धत अशी. पहिले दोन-तीन दिवस काही मागायचंच नाही. कुत्रा शेजारीच उभा असताना "यू यू यू" म्हणायचं आणि लगेच त्याच्या पुढ्यात आवडता खाऊ टाकायचा, नेहमीचं खाणं नाही, जे एरवी मिळत नाही ते, नखाएवढे बारीक तुकडे. दिवसातून थोडं थोडं, वेगवेगळ्या वेळी. कळलंय का हे कसं ओळखायचं, तर तो दुसरीकडे बघत असताना म्हणायचं, आणि मान झटकन वळली पाहिजे. मान वळेपर्यंत पुढे जायचं नाही. मग दुसऱ्या खोलीतून. मग बाहेर, पण लांब दोरी बांधून, म्हणजे नाही आला तरी पळून जात नाही. आणि एक नियम सगळ्यांनी शपथ घेऊन पाळायचा, की यू यू करून अंघोळ नाही, औषध नाही, रागावणं नाही. अंघोळ घालायची असेल तर उठून जाऊन त्याला घेऊन यायचं. तो येईल याची खात्री नसेल तर हाकच मारायची नाही, कारण न ऐकलेली प्रत्येक हाक म्हणजे हाक ऐकायची नसते याचा एक धडा.

नवऱ्याने शपथ मोडली. दुसऱ्याच दिवशी बाथरूमच्या दारात टॉवेल घेऊन "यू यू" करताना सापडला. सासूबाईंनी त्याला जे सुनावलं ते सोन्याने कान पाडून ऐकलं.

"थांब"ची वेगळी तऱ्हा. थांब म्हटल्यावर थांबायचं हे शिकवतात सगळे, पण थांबणं संपलं कधी हे सांगायचं कुणाच्या ध्यानात नसतं, मग कुत्राच ठरवतो की आता पुरे झालं. म्हणून सुटकेचा एक शब्द लागतो. आमच्याकडे तो "हं" होता, वाटी समोर ठेवायची, थांब म्हणायचं, आणि "हं" म्हटलं की खायचं. आता सासूबाई फोनवर समोरच्याचं ऐकताना "हं, हं, हं" करतात, त्यामुळे मी इकडे थांब म्हणून वाटी ठेवली की तिकडून सुटका आलीच. बिचाऱ्याचा काय दोष. "हं" काढून "पळ" केलं. पळ आपण रोजच्या बोलण्यात तसं कमी म्हणतो, आणि म्हणायला छान तुटक आहे.

"सोड"साठी मी अख्खं अर्धं पान खर्च केलं कारण हा शब्द पाहुणीला नक्की लागणार होता, सोन्याला मोज्यांचा नाद आहे. मोजा पळवला की घरात काय होतं तर एकजण "सोड", दुसरा "दे", तिसरा "ए ए ए", आणि सगळे मागे धावतात. धावलं की झालं, सोन्याच्या मते हा जगातला सर्वोत्तम खेळ आणि याची सुरुवात मोज्याने होते. तर पाहुणीला लिहिलं: धावायचं नाही. मोज्याकडे बघायचंसुद्धा नाही. एकदा "सोड" म्हणायचं आणि चांगल्या खाऊचे बरेच तुकडे जरा लांब जमिनीवर उधळायचे, तो तोंडातलं टाकून तिकडे जाईल, तो वेचण्यात गुंग असताना मोजा उचलायचा, ओढाओढ न करता. तोंडातून हिसकावलं तर पुढच्या वेळी तो चटकन गिळून टाकायला शिकतो आणि मग मोजा निघतो तो ऑपरेशन करून. आणि तोंडात मोजा नसून चॉकलेट, द्राक्षं-मनुका, कांदा किंवा माणसांची औषधं असतील, तर सुटलं म्हणून खूश होऊन बसायचं नाही, किती गेलं असेल त्याचा अंदाज घेऊन लगेच प्राण्यांच्या डॉक्टरला फोन करायचा, लक्षणं दिसायची वाट बघायची नाही. नंबर फ्रिजवर लावला.

मग तिचा मेसेज आला, की हाकलायचं असेल तर काय म्हणायचं? तिने कुठेतरी "हाड" ऐकलं होतं. इथे मात्र सासूबाई जाम भडकल्या, "हाड? आपल्या सोन्याला हाड?" हाड हे परक्या कुत्र्याला म्हणायचं, घरच्याला म्हणणं म्हणजे लेकराला घराबाहेर काढल्यासारखं, वगैरे. भावना बाजूला ठेवली तरी मुद्दा बरोबर आहे. हाकलताना आपण जनावराला फक्त एवढंच सांगतो की इथे नको. मग कुठे, ते सांगतच नाही. तो सोफ्यावरून उतरतो आणि खुर्चीवर चढतो, खुर्चीवरून हाड केलं तर पलंगावर, आणि आपण घरभर हाड हाड करत फिरतो. त्यापेक्षा त्याची सतरंजी दाखवून "जागेवर" म्हणायचं, बोट तिकडे करायचं, गेला की तिथेच खाऊ. घरातलं निम्मं हाकलणं यातच मिटतं.

ठकूचं पान वेगळं. ठकू म्हणजे आमची मांजर, आणि तिच्या यादीत मी पहिल्याच ओळीत लिहिलं की हिला कमांड येत नाहीत, हिच्या आपल्याला येतात. तिला नाव कळतं का, तर कळतं. जपानमध्ये 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरच्या मांजरींना त्यांच्या नावाच्याच चालीचे दुसरे शब्द एकामागून एक ऐकवले आणि मग त्यांचं नाव, तर नावाला त्यांचे कान आणि डोकं जास्त हललं, परक्या आवाजात म्हटलं तरी. आलं मात्र जवळपास कुणीच नाही. हा अभ्यास मला फार पटला. तर पाहुणीला लिहिलं की "ठकू" म्हटल्यावर कान वळला तर तिने ऐकलं असं समज आणि आपल्या कामाला लाग. खरंच बोलवायचं असेल तर खाऊचा डबा हलव.

पण मांजरीच्या बाबतीत आवाजाचा एक धोका खरोखरच आहे. आपण मांजरीला "शुक शुक" करून बोलावतो आणि ओट्यावर चढली की "शूऽऽ" करून हाकलतो. आपल्याला हे अगदी वेगळं वाटतं. पाहुणीला मी फोनवर दोन्ही म्हणून दाखवलं, तिला फरकच कळेना, म्हणाली दोन्हीला सेम वाफ निघते. आणि मांजरीच्या कानाला तो लांब शूऽऽ म्हणजे दुसरी मांजर फिस्कारल्यासारखा, त्यात माणूस अनोळखी, मग ती पलंगाखाली गेली की उद्यापर्यंत दिसत नाही. तेव्हा तिला दोन्ही बंद केलं. बोलवायला डबा, आणि ओट्यावर चढली तर काही न बोलता तिला उचलून खाली ठेव, ओट्यावरचं झाकून ठेव. उचलून घेत नसेल तर समोर उंच काहीतरी दे, स्टूल म्हण, त्यावर खाऊ ठेव, तिला ओटा नको असतो, उंची हवी असते.

मधेच नवऱ्याला आयडिया सुचली की आपण सगळ्या कमांड फोनमध्ये रेकॉर्ड करून पाठवू, पाहुणी बटण दाबेल, झालं काम. करून बघितलं. शेजारच्या खोलीत फोन ठेवून माझा "बस" वाजवला. सोन्या उठला, फोन हुंगला, दाराच्या मागे बघितलं, बाल्कनीत बघून आला, परत फोनपाशी येऊन थोडा भुंकला. मला शोधत होता. माणूस नाही, चेहरा नाही, हात नाही, मग नुसत्या आवाजाचं त्याने करायचं काय. रेकॉर्डिंग रद्द. शिवाय घरात नसलेल्या आईचा आवाज दिवसभर ऐकवणं हे जरा क्रूरच.

त्याऐवजी पाहुणी एक दिवस आधी आली आणि रीतसर तालीम झाली. पहिल्यांदा सगळं फसलं कारण तिने "बस" म्हटलं की सोन्या माझ्याकडे बघायचा, मीही नकळत मान डोलवायचे, आणि मग तो बसायचा, म्हणजे बर्लिनचा घोडाच झाला तो. मला आणि नवऱ्याला आतल्या खोलीत कोंडलं. सासूबाई बाहेरच बसल्या, त्यांना कोण कोंडणार. दाराला कान लावून ऐकत होतो, बाहेरून नुसतं "बस!" आणि "यूयूयूयू" आणि "सोडा! सॉरी, सोड!" असं चाललं होतं, आणि मधे मधे सासूबाईंच्या सूचना मराठीत, ज्या तिला कळत नव्हत्या पण ती दर वेळी "ओके आई" म्हणत होती.

आम्ही गेलो. फ्रिजवर कार्ड लावलेलं, नीट मोठ्या अक्षरात: बस, हात वर. यू यू, खाली वाकून, समोरून नाही तर जरा अंग तिरकं करून, कारण समोरून वाकून आलेला नवा माणूस कुत्र्याला अंगावर आल्यासारखा वाटतो. थांब, तळवा पुढे. पळ. सोड, खाऊ उधळ. जागेवर, बोट सतरंजीकडे. बाहेर पट्टा सोडायचा नाही, कितीही यू यू जमलं तरी, अनोळखी माणसाबरोबरच्या पहिल्या आठवड्यात तर नाहीच.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी व्हिडिओ कॉल केला, खरं तर सोन्याला बघायला, पण पाहुणी दमलेली दिसली म्हणून तिलाच म्हणाल्या, "अगं किती उभी राहशील, बस आता." पाहुणीने नीट ऐकू यावं म्हणून फोन उचलून चेहऱ्यासमोर वर धरला. सोन्या बसला. मग तिला आठवलं की बस म्हणजे काय, आणि तीही बसली. सासूबाई आमच्याकडे वळून म्हणाल्या, बघा, मी म्हटलं की दोघंही ऐकतात.